संगणकावर मराठी टंकलेखन पहिल्यांदाच करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत आम्ही दोघेतिघे दर शनिवारी संध्याकाळी दोन संगणक घेऊन बसतो आणि ज्यांना मराठी टाइप करायचे आहे त्यांना मदत करतो. येणाऱ्यांत निवृत्त लिपिक असतात, गुजरीतले दुकानदार असतात, सोसायटीचे सचिव असतात आणि नातवंडांना मराठीत पत्र लिहू पाहणाऱ्या आज्याही असतात. खालील प्रश्न त्यांनीच विचारलेले आहेत, आणि त्यांपैकी बरेचसे खोलीतली गर्दी ओसरल्यावर, दाराकडे बघत, हळू आवाजात विचारलेले आहेत.

माझा प्रश्न फारच बाळबोध आहे. तुम्ही हसाल का?

टेबलाजवळ आलेल्या माणसाला आम्ही नाव किंवा शिक्षण विचारत नाही. त्याला काय लिहायचे आहे एवढेच विचारतो आणि तो शब्द त्यालाच टाइप करायला सांगतो. तो अडला की का अडला हे पडद्यावर दिसतेच, त्यामुळे प्रश्न नीट मांडता आला नाही तरी काही बिघडत नाही. आमच्याकडे एक वही आहे, तिच्यात फक्त प्रश्न लिहिले जातात, विचारणाऱ्याचे नाव लिहिले जात नाही. त्या वहीत सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न पहिल्या वेलांटीचा आहे, आणि तो विचारणाऱ्यांत पदवीधर शिक्षकही आहेत. बाळबोध वाटणाऱ्या बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी संगणक देवनागरी कशी साठवतो याचे एखादे खरेखुरे कारण असते. म्हणून खाली उत्तरांबरोबर ती कारणेही दिली आहेत.

मी मराठी लिहायला बसतो, पण अक्षरे इंग्रजीच उमटतात. माझ्या संगणकात मराठी नाहीच का?

असते, पण ती एकदा जोडून घ्यावी लागते. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये वेळ आणि भाषा यांच्या भागात जाऊन भाषांच्या यादीत मराठी जोडावी, म्हणजे तिचा कळफलकही सोबत येतो. त्यानंतर विंडोजची कळ दाबून ठेवून स्पेसबार दाबला की भाषा बदलते आणि पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातले भाषेचे चिन्हही बदलते. लिहिण्यापूर्वी त्या कोपऱ्याकडे एकदा पाहण्याची सवय लावून घ्यावी.

याच ठिकाणी एक फसगत होते, आणि ती आमच्याकडे सतत येते. कळफलक मराठीवर राहिलेला असताना पासवर्ड टाइप केला तर त्या चौकटीत फक्त ठिपके दिसतात. आत मराठी अक्षरे गेली आहेत हे कळत नाही आणि पासवर्ड चुकला असे उत्तर येते. मागे एक गृहस्थ पासवर्ड विसरलो अशा समजुतीने तो बदलून घेण्यासाठी दोन दिवस खटपट करत होते. त्यांना पासवर्ड चांगला पाठ होता, कळफलक तेवढा मराठीवर होता.

पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते, मग ती अक्षरानंतर का टाइप करायची? मी आधी टाइप करतो तर भलतेच काही दिसते.

वहीतला पहिल्या क्रमांकाचा प्रश्न हाच, म्हणून याचे उत्तर थोडे सविस्तर देतो.

आपण "मि" लिहितो तेव्हा हाताने आधी वेलांटी काढतो की आधी म, हे ज्याच्या त्याच्या सवयीवर असते, पण बोलताना मात्र आधी म् आणि मग इ असाच क्रम असतो. आज संगणकात जी युनिकोड पद्धत वापरली जाते, ती अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठवते. डोळ्याला वेलांटी डावीकडे दिसावी ही जबाबदारी फाँटची असते. त्यामुळे आपण आधी म टाइप करायचा आणि मग वेलांटी, आणि ती उडी मारून डावीकडे जाऊन बसते. नव्या माणसाला ही उडी दिसली की आपल्या हातून काही तरी बिघडले असे वाटते, पण ती तशीच दिसायला हवी.

विंडोजमध्ये मराठीसोबत येणाऱ्या कळफलकाच्या मांडणीला इन्स्क्रिप्ट म्हणतात. त्यावर "मिसळ" हा शब्द असा लिहितात:

```
c  f  m  Shift+n
म  ि  स  ळ
```

"कोल्हापूर" लिहिताना नऊ कळा लागतात. त्यातला d म्हणजे पाय मोडायची कळ. ल चा पाय मोडून पुढे ह दिला की ल्ह हे जोडाक्षर आपोआप तयार होते.

```
k a n d u e h t j
क ो ल ् ह ा प ू र
```

हे दोन शब्द आम्ही प्रत्येकाकडून पहिल्याच दिवशी लिहून घेतो, कारण त्यांत वेलांटी, काना, ऊकार, जोडाक्षर आणि ळ हे सगळे येऊन जाते. कळफलकाची मांडणीही लक्षात ठेवायला तितकी अवघड नाही. काना, मात्रा, वेलांट्या यांच्या बहुतेक कळा डाव्या हाताखाली आहेत आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताखाली, त्यामुळे बहुतेक शब्दांत हात आळीपाळीने चालतात. शिफ्ट दाबून तीच कळ दाबली की बऱ्याचदा त्या अक्षराचे महाप्राण भावंड मिळते: k वर क आणि शिफ्टसह ख, i वर ग आणि शिफ्टसह घ.

सर्वांत जास्त अडखळतात ते मात्र नवशिके नव्हेत. जुन्या टाइपरायटरवर वर्षानुवर्षे काम केलेले लोक सर्वांत जास्त अडखळतात. टाइपरायटरवर जे जसे दिसते तसेच कागदावर उमटवावे लागे, म्हणून तिथे वेलांटी आधी आणि रफार शेवटी मारला जाई. कचेरीत तीस वर्षे टंकलेखन केलेले एक काका आमच्याकडे आले होते. त्यांनी सवयीने आधी f दाबला आणि पडद्यावर वेलांटीला चिकटलेले टिंबांचे वर्तुळ उमटले. ते एकदम गप्प झाले आणि म्हणाले, "मला आता काही येत नाही असं दिसतंय." त्यांची बोटे अगदी बरोबर चालत होती, फक्त ती दुसऱ्या यंत्राच्या क्रमाने चालत होती. अशा जाणत्या टंकलेखकांना नवी सवय लागायला कोऱ्या पाटीच्या माणसापेक्षा थोडा जास्त वेळ लागतो, हे आम्ही त्यांना सुरुवातीलाच सांगून टाकतो.

ते टिंबांचे वर्तुळ म्हणजे काय? संगणकाला काही रोग झाला आहे का?

रोग नाही, ती खूण आहे. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार ही चिन्हे एकटी उभी राहू शकत नाहीत, त्यांना टेकायला अक्षर लागते. टेकायला योग्य अक्षर सापडले नाही की फाँट तिथे टिंबांचे वर्तुळ काढतो आणि अक्षराची जागा रिकामी असल्याचे दाखवतो. हे वर्तुळ दिसले तर तीन शक्यता तपासाव्यात: चिन्ह अक्षराआधी टाइप झाले, एकाच अक्षराला दोन चिन्हे लागली, किंवा अनुस्वार काना-मात्रेच्या आधी दिला गेला. "कोंडा" लिहिताना क, मग ओकार, मग अनुस्वार हाच क्रम आहे. अनुस्वार आधी दिला तर ओकार वर्तुळावर जाऊन बसतो.

वर्तुळ दिसले तर एका अर्थी बरेच म्हणायचे, कारण चूक डोळ्यासमोर येते. जी चूक दिसतच नाही ती जास्त त्रास देते. "आजरा" लिहिताना अनेक जण आ साठी अ टाइप करून त्याला काना लावतात. काही प्रोग्रॅममध्ये ते दिसायला हुबेहूब आ सारखे दिसते, पण आत ती दोन चिन्हे असतात आणि खरा आ हे एकच अक्षर असते. मग आजरा तालुक्यातील गावांच्या यादीत "आजरा" शोधले की निम्म्या नोंदी सापडत नाहीत. आ साठी शिफ्टसह e ही स्वतंत्र कळ आहे. अ ला काना देणे हे पाटीवर बरोबर आहे, इथे नाही.

"दुसऱ्या" मधला र काही केल्या येत नाही. रफारच येतो. इतके साधे अक्षर मला जमत नाही याची लाज वाटते.

हे साधे अक्षर नाही. मराठी संगणकावर ज्या थोड्या जागा खरोखर गुंतागुंतीच्या आहेत, त्यांतली ही एक आहे. म्हणून हा प्रश्न ज्याने विचारला त्याने मराठी बारकाईने पाहिली आहे असे आम्ही समजतो.

मराठीत र चा पाय मोडून पुढे य आला तर दोन वेगळे उच्चार होतात आणि दोन वेगळ्या खुणा लिहिल्या जातात. "कार्यालय" यात रफार आहे, "दुसऱ्या" यात य च्या अंगाला चिकटलेली आडवी खूण आहे. खूण बदलली की अर्थही बदलतो. "आचार्यांना दक्षिणा दिली" आणि "आचाऱ्यांना दक्षिणा दिली" या दोन वाक्यांत पैसे वेगवेगळ्या माणसांना गेले आहेत, एकात गुरूंना आणि दुसऱ्यात स्वयंपाक्यांना. लग्नाच्या हिशेबात हा फरक लहान नाही.

रफार हवा असेल तर साधा र, मग पाय मोडायची कळ, मग पुढचे अक्षर. इथेही उच्चाराचाच क्रम आहे. रफार ज्याच्या डोक्यावर दिसतो त्या अक्षराच्या आधी र टाइप करायचा असतो, नंतर नाही:

```
k e j d / e n /
क ा र ् य ा ल य
```

दुसऱ्या, शेतकऱ्यांची, वऱ्हाड, गऱ्हाणे अशा शब्दांसाठी मात्र वेगळा र आहे. तो शिफ्टसह j वर मिळतो आणि सुटा टाइप केला की त्याच्याखाली टिंब दिसते. ते टिंब पाहून लोक घाबरतात आणि पुसून टाकतात. पुसू नये. पुढे पाय मोडायची कळ आणि य किंवा ह दिला की टिंब जाते आणि हवी ती खूण येते.

```
o g m Shift+j d / e
द ु स ऱ       ् य ा
```

शब्द डोळ्यांना दिसतो आहे, पण शोधला की "सापडला नाही" असे उत्तर येते. माझेच काही चुकते आहे का?

हा प्रश्न करवीर तालुक्यातल्या एका सोसायटीच्या सचिवांनी विचारला होता, आणि विचारण्याआधी ते आठवडाभर गप्प बसले होते. त्यांच्याकडे ऊस उत्पादकांची यादी होती आणि शेऱ्याच्या रकान्यात कुठे "पहिल्या हप्त्याची रक्कम मिळाली" तर कुठे "दुसऱ्या हप्त्याची रक्कम मिळाली" असे लिहिलेले होते. त्यांनी "दुसऱ्या" शोधले तेव्हा संगणकाने ३१ ओळी दाखवल्या. त्यांनी बोट ठेवून मोजल्या तर त्या ५८ भरल्या. मोजणीत चूक झाली असेल असे वाटून त्यांनी तीनदा मोजले.

मोजणी बरोबर होती. यादी दोघांनी मिळून भरली होती. एकाने इन्स्क्रिप्टवर वरच्या पद्धतीने टाइप केले होते, दुसऱ्याने इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवणाऱ्या एका जुन्या प्रोग्रॅममध्ये. तो प्रोग्रॅम वेगळा र वापरत नव्हता. तो साधाच र घेऊन, त्याचा पाय मोडून, पुढे एक अदृश्य जोडचिन्ह टाकत होता. युनिकोडमध्ये ही दुसरी पद्धतही चालते आणि पडद्यावर दोन्ही शब्द सारखेच दिसतात:

```
ऱ + ् + य
र + ् + अदृश्य जोडचिन्ह + य
```

माणूस चित्र पाहतो, संगणक त्यामागचे आकडे पाहतो. त्याच्या लेखी हे दोन वेगळे शब्द होते, म्हणून एका पद्धतीच्या ३१ ओळी सापडल्या आणि दुसऱ्या पद्धतीच्या २७ राहिल्या.

दुरुस्ती अशी केली. आधी यादीची एक प्रत वेगळ्या नावाने जपून ठेवली. मग न सापडणाऱ्या एका ओळीतून "दुसऱ्या" हा पूर्ण शब्द कॉपी केला, Ctrl+H दाबून बदलाच्या चौकटीत "शोधा" या जागी तो चिकटवला आणि "त्याऐवजी" या जागी नीट टाइप केलेला शब्द दिला. सगळे एका दमात बदलायचे बटण न दाबता पहिले चार-पाच शब्द एकेक करून बदलून पाहिले, आणि मगच उरलेले बदलले.

फक्त जोडाक्षर न घेता पूर्ण शब्द घेतला, याला कारण आहे. काही प्रोग्रॅम शोधताना ते अदृश्य चिन्ह जमेस धरत नाहीत. अशा प्रोग्रॅममध्ये केवळ जोडाक्षर बदलायला सांगितले तर खरा रफार असलेले शब्दही त्यात सापडतात आणि "कार्यालय" चे "काऱ्यालय" होऊन बसते. शब्द अख्खा दिला की हा धोका राहत नाही, फक्त "तिसऱ्या", "शेतकऱ्यांना" असे प्रत्येक रूप वेगळे बदलावे लागते. काम कंटाळवाणे आहे, पण यादी बिघडत नाही.

चूक पुसायला गेलो की कधी नुसती मात्रा जाते, कधी अख्खे अक्षरच जाते. नियम काय आहे?

बॅकस्पेस बहुधा शेवटी टाइप केलेले एकच चिन्ह पुसते, तर डिलीट पुढचे अख्खे अक्षर, काना-मात्रेसकट, पुसते. म्हणून "की" चे "कि" करायचे असेल तर कर्सर अक्षराच्या उजवीकडे ठेवून बॅकस्पेस एकदा दाबावे आणि ऱ्हस्व वेलांटी द्यावी. क पुन्हा टाइप करावा लागत नाही.

जुनी फाईल उघडली तर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. मी फाईल खराब केली का?

नाही. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवून तयार केले जात. तो फाँट तुमच्या संगणकावर नसला की खालची इंग्रजी अक्षरे उघडी पडतात. ज्या फाँटमध्ये फाईल लिहिली होती त्याचे नाव शोधावे, तो बसवला की मजकूर पुन्हा दिसतो. कायमचे युनिकोडमध्ये आणायचे असेल तर त्या विशिष्ट फाँटसाठी असलेला परिवर्तक वापरावा लागतो, आणि त्यानंतर रफार आणि जोडाक्षरे एकदा डोळ्यांखालून घालावी लागतात, कारण परिवर्तकाची चूक बहुतेक तिथेच होते.

ल आणि श माझ्या संगणकावर हिंदीसारखे दिसतात. मी चुकीची अक्षरे टाइप करतो आहे का?

अक्षर तेच आहे, आकार फाँटचा आहे. मराठी वळणाचे ल आणि श काही फाँटमध्ये मुळातच असतात, तर काहींमध्ये मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवल्यावरच दिसतात. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये वर्णमालेचे जे प्रमाणीकरण केले, त्यात मराठी वळणाच्या या दोन अक्षरांचा आणि "ॲ" चाही समावेश आहे. हा प्रश्न विचारणारे बहुधा प्राथमिक शिक्षक असतात, आणि त्यांचा आग्रह आम्हांला रास्त वाटतो.

इन्स्क्रिप्ट शिकू की इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहू?

महिन्यातून एखादे पत्र लिहायचे असेल तर इंग्रजी अक्षरांतून लिहिणे पुरते. रोज पानभर लिहायचे असेल तर इन्स्क्रिप्ट शिकावे, असे आमचे मत आहे. इंग्रजी अक्षरांतून लिहिताना ण आणि न, ळ आणि ल, ष आणि श यांत यंत्र अंदाज बांधते आणि तो दर वेळी तपासावा लागतो. इन्स्क्रिप्टमध्ये जी कळ दाबाल तेच अक्षर येते.

मागच्या शनिवारी विचारलेलेच मी पुन्हा विचारले तर?

पुन्हा सांगू. वर उल्लेख केलेले टाइपरायटरवाले काका वेलांटीसाठी चार शनिवार आले. तिसऱ्या शनिवारी त्यांनी f च्या कळेवर पांढऱ्या कागदाचा बारीक तुकडा चिकटवून त्यावर बॉलपेनने "नंतर" असे लिहिले. तो तुकडा अजून तिथेच आहे, आणि नवीन येणाऱ्यांना पहिली वेलांटी आम्ही त्यावरच बोट ठेवून दाखवतो.